व्हेस्ट झालेले ऑप्शन एक्सरसाइज करण्यापूर्वी कंपनीला लिहायचे पत्र

प्रश्न: मी शेअर बाजारात नोंद नसलेल्या एका भारतीय खासगी कंपनीत नोकरी करतो. ठरलेल्या दराने कंपनीचे शेअर घेण्याचा हक्क देणारे माझे 4,000 स्टॉक ऑप्शन व्हेस्ट झाले आहेत, म्हणजे वापरण्यास खुले झाले आहेत, आणि ते आता एक्सरसाइज करायचे, म्हणजे पैसे भरून शेअर घ्यायचे आहेत. पैसे एकरकमी भरावे लागतील की हप्त्यांनी, आणि कर किती व केव्हा कापला जाईल, हे कंपनीला लेखी विचारायचे आहे. पत्रात नेमके काय लिहावे?

उत्तर:

सर्वांत आधी एक खबरदारी सांगतो. हे पत्र चौकशीचे आहे, एक्सरसाइजचा अर्ज नाही, हे पत्राच्या पहिल्याच परिच्छेदात स्पष्ट लिहा. कर्मचाऱ्यांना असे ऑप्शन देणाऱ्या बऱ्याच योजनांमध्ये, म्हणजे ईसॉपमध्ये, कर्मचाऱ्याने लेखी इच्छा कळवली आणि पैसे भरले की एक्सरसाइज झाला असे धरले जाते व तो मागे घेता येत नाही. शिवाय ज्या तारखेला एक्सरसाइज झाला त्या तारखेच्या शेअरच्या मूल्यावर तुमचा कर ठरतो. त्यामुळे “मी माझे सर्व ऑप्शन एक्सरसाइज करू इच्छितो, कृपया पुढील प्रक्रिया कळवावी” असे मोघम वाक्य लिहून पाठवले, तर माहिती मिळण्याआधीच तारीख ठरल्याचा वाद उभा राहू शकतो.

पत्रात काय विचारायचे हे समजण्यासाठी पैसा कोठे कोठे जातो ते आधी पाहू. एक्सरसाइज करताना तुमच्या खिशातून दोन वेगळ्या रकमा जातात. पहिली एक्सरसाइज प्राइस, म्हणजे ऑप्शन देताना ठरलेला प्रति शेअर दर. ही रक्कम कंपनीच्या भांडवलात जमा होते. दुसरी रक्कम कराची. शेअरचे वाजवी बाजारमूल्य आणि तुम्ही भरलेली किंमत यांतील फरक हा कायद्याने पगाराचाच भाग, म्हणजे परक्विझिट मानला जातो आणि त्यावर कंपनीला पगारावरचा टीडीएस कापावा लागतो. हा फरक तुमच्या हातात रोख म्हणून आलेला नसतो. शेअर बाजारात नोंद असलेल्या कंपनीत काही शेअर लगेच विकून कर भागवता येतो; तुमच्या कंपनीच्या शेअरला तसा बाजार नाही. कर मात्र रोखीनेच भरावा लागतो, आणि हप्त्यांचा प्रश्न खऱ्या अर्थाने येथे उभा राहतो.

आकडे धरून पाहू. तुमचे करपात्र वेतन प्रमाणित वजावटीनंतर वर्षाला 28,00,000 रुपये आहे, तुम्ही नव्या कर व्यवस्थेत आहात, एक्सरसाइज प्राइस 50 रुपये आहे आणि वाजवी बाजारमूल्य 650 रुपये ठरले आहे, असे समजा. 4,000 शेअरसाठी एक्सरसाइजची रक्कम 2,00,000 रुपये होते. प्रति शेअर फरक 600 रुपये, म्हणून परक्विझिट 24,00,000 रुपये. पुष्कळ जण येथे 30 टक्के कर आणि त्यावर 4 टक्के उपकर, असा 31.2 टक्क्यांचा हिशेब करून 7,48,800 रुपये काढतात आणि तेवढीच तरतूद करतात. पण वेतन आणि परक्विझिट मिळून उत्पन्न 52,00,000 रुपये झाले, म्हणजे 50 लाखांची मर्यादा ओलांडली गेली, आणि ती ओलांडली की संपूर्ण करावर 10 टक्के अधिभार लागतो. आर्थिक वर्ष 2025-26 पासूनच्या टप्प्यांनुसार 52 लाखांवर मूळ कर 11,40,000 रुपये, अधिभार 1,14,000 रुपये, आणि उपकर धरून एकूण 13,04,160 रुपये होतात. ऑप्शनला हात लावला नसता तर 28 लाखांवर 4,36,800 रुपये कर होता. म्हणजे या एका निर्णयामुळे वाढलेला कर 8,67,360 रुपये आहे, आणि एक्सरसाइजची रक्कम धरून एकूण 10,67,360 रुपयांची सोय तुम्हाला करावी लागेल. या वेतनात महिन्याला हातात साधारण दोन लाख रुपये येतात. एका महिन्याच्या पगारातून हा कर कापला जाणे शक्यच नाही, म्हणून कंपनी ही वसुली कशी करणार हे आधी कळायला हवे.

आता हेच ऑप्शन दोन आर्थिक वर्षांत विभागले तर काय होते ते पाहा. या वर्षी 3,600 शेअर घेतले, तर परक्विझिट 21,60,000 रुपये आणि एकूण उत्पन्न 49,60,000 रुपये होते. अधिभार लागत नाही आणि वाढीव कर 6,73,920 रुपये येतो. उरलेले 400 शेअर पुढच्या वर्षी, मूल्य, वेतन आणि कराचे दर तेच राहिले असे धरून घेतले, तर आणखी 74,880 रुपये. दोन्ही मिळून 7,48,800 रुपये, म्हणजे एकाच वेळी सगळे घेण्यापेक्षा 1,18,560 रुपये कमी. अर्थात पुढच्या वर्षी मूल्य वाढले तर त्या 400 शेअरवरचा फरकही वाढेल, आणि तेवढ्यात नोकरी सोडली तर योजनेतील मुदत आड येईल. तरीही ऑप्शन टप्प्याटप्प्याने एक्सरसाइज करता येतात का, एका वेळी किमान किती घ्यावे लागतात आणि शेवटची मुदत कोणती, हे विचारणे या हिशेबामुळेच आवश्यक ठरते. एक्सरसाइज प्राइस हप्त्यांनी भरण्याची सोय सहसा नसते, कारण शेअर पूर्ण रक्कम आल्यावरच दिले जातात. टप्प्याने एक्सरसाइज करणे हाच कर्मचाऱ्याच्या हातातला खरा हप्ता आहे.

कराच्या वसुलीचे मात्र वेगळे आहे. वर्षभराच्या अंदाजित उत्पन्नावर सरासरी दराने कर काढून तो पगारातून कापायचा आणि कमी-जास्त झालेले त्याच वर्षात जुळवून घ्यायचे, अशी पगारावरील टीडीएसची रचना आहे. त्यामुळे सर्व 4,000 शेअर ऑक्टोबरमध्ये मिळाले तर ऑक्टोबर ते मार्च या सहा पगारांत दरमहा 1,44,560 रुपये जादा कापून कंपनी आपले काम पूर्ण करू शकते. हातात महिन्याला पन्नास-साठ हजार उरतील. ओढाताण होईल, पण नियोजन करता येईल. याउलट फेब्रुवारीत शेअर मिळाले तर दोनच पगार उरतात आणि कंपनी उरलेली रक्कम तुमच्याकडून बँकेतून भरून घेईल. अनेक कंपन्या तर जोखीम नको म्हणून संपूर्ण कर आधी जमा झाल्याशिवाय अलॉटमेंटच करत नाहीत, म्हणजे शेअर तुमच्या नावे देतच नाहीत, आणि योजनेच्या नियमांत तसा अधिकार त्यांनी बहुधा राखून ठेवलेला असतो. म्हणून मागणी हक्काच्या भाषेत न करता, पगारातून विभागून कपात शक्य आहे का, अशी विनंतीच्या भाषेत करावी.

तारखांचा घोळ हा या व्यवहारातला सर्वांत महागडा घोळ असतो. मूल्य एक्सरसाइजच्या तारखेचे धरले जाते, पण परक्विझिट त्या वर्षाच्या उत्पन्नात येते ज्या वर्षी शेअर तुमच्या नावे अलॉट होतात. 20 मार्चला अर्ज आणि पैसे दिले, संचालक मंडळाची बैठक एप्रिलमध्ये झाली, तर मूल्य मार्चचे आणि कर पुढच्या आर्थिक वर्षात, अशी स्थिती येते. कधी ती तुमच्या सोयीची असते, कधी अधिभाराचा सगळा हिशेब उलटवते. म्हणून अर्जानंतर किती दिवसांत अलॉटमेंट होते, याचे उत्तर पत्रात मागितलेच पाहिजे.

मूल्याबाबतही एक नेमका प्रश्न आहे. बाजारात नोंद नसलेल्या कंपनीच्या शेअरचे करासाठीचे मूल्य मर्चंट बँकर ठरवतो, आणि हा अहवाल एक्सरसाइजच्या तारखेपूर्वी 180 दिवसांपर्यंतच्या तारखेचा चालतो. कंपनीकडे जुलैतील 650 रुपयांचा अहवाल असेल आणि नव्या गुंतवणुकीची फेरी तोंडावर असेल, तर अहवाल चालू असताना केलेला एक्सरसाइज आणि नवा अहवाल आल्यानंतरचा एक्सरसाइज यांच्या करात मोठा फरक पडू शकतो. गुंतवणूकदारांनी दिलेला दर ऐकून कर्मचारी आपला कर मोजतात तेही बरोबर नाही. तो दर बहुतेक वेळा विशेष हक्क असलेल्या प्रेफरन्स शेअरचा असतो आणि तुम्हाला मिळणाऱ्या साध्या इक्विटी शेअरचे मूल्य त्याहून वेगळे निघू शकते. अहवालाची प्रत कंपनी देईलच असे नाही, पण प्रति शेअर मूल्य आणि अहवालाची तारीख सांगण्यात तिला अडचण नसावी.

स्टार्टअपसाठीच्या सवलतीचाही प्रश्न पत्रात असू द्या, कारण यात गैरसमज फार आहे. 2020 च्या वित्त कायद्याने पात्र स्टार्टअपच्या कर्मचाऱ्यांना हा कर पुढे ढकलण्याची मुभा दिली. शेअर मिळाले त्या आर्थिक वर्षाच्या अखेरीपासून पाच वर्षे पूर्ण होणे, शेअर विकणे किंवा नोकरी सोडणे, यांपैकी जे आधी घडेल त्यानंतर 14 दिवसांत कर कापला जातो, आणि ज्या वर्षी शेअर मिळाले त्या वर्षाचे कराचे दर लागतात. पण कंपनीला केवळ स्टार्टअप म्हणून सरकारी मान्यता असणे पुरेसे नाही. नफ्यावरील करसवलतीसाठी आंतरमंत्रालयीन मंडळाचे वेगळे प्रमाणपत्र लागते आणि ते फार थोड्या कंपन्यांकडे असते. म्हणून “आपण स्टार्टअप आहोत का” असे न विचारता प्रमाणपत्राबद्दलच विचारा. सवलत मिळाली तरी नोकरी बदलताना साठलेला कर एकदम समोर येतो, हे विसरू नका.

पत्रात कायद्याच्या कलमांचे क्रमांक लिहू नका, असा माझा आग्रह आहे. 1 एप्रिल 2026 पासून 1961 च्या आयकर कायद्याची जागा 2025 च्या कायद्याने घेतली आहे आणि कलमांचे क्रमांक बदलले आहेत. जुना क्रमांक लिहिला की उत्तर देणारा त्या क्रमांकावर अडकतो आणि तुमचा प्रश्न बाजूला राहतो. व्यवहाराचे वर्णन साध्या शब्दांत केले तर उत्तरही सरळ येते.

पत्राचा मसुदा असा ठेवता येईल. कंपनीचा पत्रव्यवहार ज्या भाषेत चालतो त्या भाषेत तो पाठवा, पण प्रश्नांचा क्रम बदलू नका.

प्रति,
मनुष्यबळ विभागप्रमुख आणि कंपनी सचिव

विषय: व्हेस्ट झालेल्या ऑप्शनच्या एक्सरसाइजपूर्वी रक्कम भरण्याचे वेळापत्रक व करकपात यांबाबत माहिती मिळण्याविषयी

संदर्भ: माझे ग्रँट पत्र, त्याचा क्रमांक व दिनांक, कर्मचारी क्रमांक

महोदय / महोदया,

वरील ग्रँट पत्रानुसार मला मिळालेल्या ऑप्शनपैकी 4,000 ऑप्शन आजपर्यंत व्हेस्ट झाले आहेत, अशी माझी नोंद आहे. ते एक्सरसाइज करण्याचा माझा विचार असून, निर्णय घेण्यापूर्वी पुढील माहिती मिळावी यासाठी हे पत्र लिहीत आहे. हे पत्र एक्सरसाइजची सूचना किंवा अर्ज समजू नये. तसा अर्ज मी योजनेतील विहित नमुन्यात स्वतंत्रपणे करीन.

1. व्हेस्ट झालेल्या ऑप्शनची संख्या, प्रति शेअर एक्सरसाइज प्राइस आणि एक्सरसाइजची शेवटची मुदत आपल्या नोंदीप्रमाणे काय आहे? एकापेक्षा अधिक टप्प्यांत एक्सरसाइज करता येतो का, आणि प्रत्येक टप्प्यात किमान संख्या किती असावी लागते?

2. एक्सरसाइजची तारीख म्हणून योजनेत कोणता दिवस धरला जातो: अर्ज मिळाल्याचा की रक्कम खात्यात जमा झाल्याचा? त्यानंतर अलॉटमेंट व डीमॅट खात्यात शेअर जमा होण्यास साधारण किती दिवस लागतात, आणि संचालक मंडळाची पुढील संबंधित बैठक केव्हा अपेक्षित आहे?

3. परक्विझिट काढण्यासाठी सध्या प्रति शेअर किती वाजवी बाजारमूल्य वापरले जाईल, ते कोणत्या तारखेच्या अहवालावर आधारित आहे आणि तो अहवाल कोणत्या तारखेपर्यंतच्या एक्सरसाइजसाठी वापरला जाणार आहे?

4. मी (क) सर्व 4,000 आणि (ख) 3,600 ऑप्शन चालू आर्थिक वर्षात एक्सरसाइज केले, तर प्रत्येक पर्यायात माझ्या निवडलेल्या कर व्यवस्थेनुसार अधिभार व उपकरासह एकूण किती अतिरिक्त टीडीएस होईल, याचा अंदाजित तक्ता वेतन विभागाकडून मिळावा.

5. हा टीडीएस अलॉटमेंटपूर्वी एकरकमी भरावा लागेल की आर्थिक वर्षाच्या उरलेल्या महिन्यांच्या वेतनातून समान भागांत कापता येईल? समान भागांत कपात करावी, अशी माझी विनंती आहे. ती मान्य होण्यासारखी नसल्यास रक्कम कोणत्या खात्यात, कोणत्या तारखेपर्यंत भरावयाची आणि त्याची पावती कशी मिळेल, हे कळवावे.

6. पात्र स्टार्टअपच्या कर्मचाऱ्यांना उपलब्ध असलेली, टीडीएस पुढे ढकलण्याची तरतूद आपल्या कंपनीस लागू होते का? होत असल्यास आंतरमंत्रालयीन मंडळाचे प्रमाणपत्र कोणत्या कालावधीसाठी आहे?

7. अलॉटमेंटपूर्वी मी नोकरी सोडल्यास भरलेल्या एक्सरसाइज रकमेचे व जमा केलेल्या कराचे काय होईल?

वरील माहिती शक्यतो पंधरा दिवसांत लेखी मिळाल्यास मला निर्णय घेणे सोपे होईल. आवश्यकता असल्यास वेतन विभागाशी प्रत्यक्ष बोलण्याची माझी तयारी आहे.

आपला विश्वासू,
(नाव, पद, सही, दिनांक)

चौथ्या मुद्द्यात दोन पर्याय मागितले आहेत ते मुद्दाम. “कर किती होईल” असे विचारले की “लागू दराने” एवढेच उत्तर येते. दोन ठरावीक संख्या दिल्या की वेतन विभागाला प्रत्यक्ष हिशेब करावा लागतो आणि अधिभाराचा फरक त्यांच्याच कागदावर उमटतो. तुमची दुसरी संख्या तुमच्या वेतनाप्रमाणे काढा: 50 लाखांतून तुमचे अपेक्षित करपात्र उत्पन्न वजा करा आणि उरलेल्या रकमेला प्रति शेअर फरकाने भागा. त्यात वर्षअखेरीचा बोनस, व्याज आणि भाड्याचे उत्पन्न धरायला विसरू नका. वरच्या उदाहरणात मर्यादेपर्यंत केवळ 40,000 रुपयांची जागा उरते. त्यामुळे एवढ्याशा व्याजानेही ती ओलांडली जाईल, आणि अशा वेळी शेअरची संख्या आणखी थोडी कमी ठेवावी. मर्यादेच्या थोडे पुढे गेल्यास अधिभारात अंशतः सवलत मिळते, पण त्या पट्ट्यात वाढलेले जवळजवळ सगळे उत्पन्न करातच जाते.

उत्तर आल्यावर पहिल्यांदा दुसऱ्या आणि तिसऱ्या मुद्द्याची उत्तरे एकमेकांशी जुळवून पाहा. जुलैचा अहवाल जानेवारीपर्यंत चालतो असे लिहिले असेल आणि योजनेत एक्सरसाइजची तारीख म्हणजे पैसे जमा झाल्याची तारीख असेल, तर अर्ज डिसेंबरमध्ये देऊन पैसे फेब्रुवारीत भरणे म्हणजे जुन्या मूल्याला मुकणे. डीमॅट खाते आधीच उघडून ठेवा, कारण लहान कंपन्यांचा अपवाद वगळता खासगी कंपन्यांना आता नवे शेअर डीमॅट स्वरूपातच द्यावे लागतात आणि खाते नसल्यामुळे अलॉटमेंट रखडल्याचे अनेकदा दिसते.

कराची रक्कम भरण्यासाठी कंपनी कर्ज देऊ करत असेल तर व्याजदर लेखी घ्या. ठरावीक मर्यादेवरचे बिनव्याजी किंवा सवलतीच्या व्याजाचे कर्ज हे स्वतःच वेगळे परक्विझिट ठरते. आणि शेअरचा भाव पुढे पडला तर आज भरलेला कर परत मिळत नाही. विक्रीच्या वेळी होणारा तोटा हा भांडवली तोटा असतो आणि तो फक्त भांडवली नफ्यातूनच वजा होतो. कर्ज काढून कर भरण्याचा विचार असेल तर ही बाजू आधी तोला.

व्यवहार पूर्ण झाल्यावर कंपनीने वापरलेले प्रति शेअर मूल्य आणि अलॉटमेंटची तारीख दाखवणारे पत्र मागून घ्या आणि वर्षाच्या शेवटी मिळणाऱ्या करप्रमाणपत्रातील परक्विझिटच्या विवरणाशी ते ताडून पाहा. पुढे शेअर विकताना तुमची खरेदी किंमत 50 रुपये नसून 650 रुपये धरली जाते, कारण मधल्या 600 रुपयांवर तुम्ही आधीच कर भरलेला असतो. अलॉटमेंटपासून 24 महिन्यांहून अधिक काळ शेअर ठेवल्यास नफा दीर्घकालीन ठरतो आणि त्यावर सध्या 12.5 टक्के कर आहे. काही वर्षांनी विक्रीच्या वेळी तो 650 चा आकडा सिद्ध करणारा कागद हाती नसला, तर त्याच 24 लाखांवर पुन्हा कर मागितला जाऊ शकतो; तोवर कंपनीतील माणसे आणि वेतनप्रणाली दोन्ही बदललेली असतात, म्हणून हा कागद त्याच महिन्यात मागून स्वतःकडे जपून ठेवावा.